एकच तपकिरी: बेकरी साखळीच्या ब्रँड-पुस्तिकेच्या नोंदी

2 जून

पहिली बैठक झाली. दोन वर्षांत बेकरीच्या तीन शाखांच्या नऊ झाल्यात आणि मालकीण ताईंचं म्हणणं एका वाक्यात मावण्यासारखं आहे: "प्रत्येक दुकान चांगलं दिसतं, पण एकाच घरातलं वाटत नाही." लोगो बदलायचा नाही. पावाचं चिन्ह, त्याशेजारी नाव, नावाखाली बारीक अक्षरात 'बेकरी' हा शब्द, हे सगळं लोकांच्या ओळखीचं झालंय. रंगही दोनच, तपकिरी आणि मोहरीचा पिवळा. म्हणजे काम नवं काही काढण्याचं नाही, आहे ते सगळीकडे सारखं ठेवण्याचं आहे.

सगळ्या शाखांना निरोप पाठवला की लोगो असलेली प्रत्येक वस्तू पाठवा: पिशवी, खोका, स्टिकर, बिल, एप्रन, भिंतीवर चिकटवलेल्या सूचनासुद्धा. फोटो नकोत, वस्तूच हव्यात. फोनचा कॅमेरा प्रकाश पाहून रंग आपल्या मनाने बदलतो, त्यामुळे फोटोवरून रंगाबद्दल काहीच ठरवता येत नाही. फोटो चालतील ते फक्त पाटीचे.

5 जून

नऊ पाकिटं आली. मोठ्या टेबलावर सगळं मांडलं आणि नुसत्या तपकिरी रंगावरून गट केले. अकरा गट पडले. एका टोकाला जवळजवळ विटकरी, दुसऱ्या टोकाला काळपट चॉकलेटी. पिवळा तर काही पिशव्यांवर शोधावा लागला.

ताई बघायला आल्या तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता की छपाईवाल्यांनी हयगय केली का. मला तसं वाटत नाही. या अकरा रंगांना अकरा कारणं नसणार, तीन-चारच असणार, आणि ती शोधल्याशिवाय पुस्तिकेत "हा रंग वापरा" असं लिहून काही होणार नाही.

9 जून

दोन दिवस कारणांच्या मागे होतो. पहिलं कारण फाइलचं निघालं. शाखांकडे असलेला लोगो म्हणजे चॅटमधून हातोहात फिरलेलं, पांढऱ्या चौकटीतलं जेपीजी चित्र. ते पडद्याच्या रंगपद्धतीत आहे, लाल-हिरवा-निळा. छपाईला चार शाया लागतात, त्यामुळे प्रत्येक छापखान्याने ते आपापल्या सेटिंगने रूपांतरित केलं. दोन छापखाने, दोन उत्तरं, आणि दोघंही आपल्या जागी बरोबर.

दुसरं कारण कागदाचं. खोक्याचा पुठ्ठा गुळगुळीत, लेप दिलेला आहे, त्यावर शाई वर राहते आणि रंग खुलतो. पिशवीचा क्राफ्ट कागद शाई पिऊन घेतो, शिवाय तो स्वतःच तपकिरी आहे. छपाईची शाई बरीचशी पारदर्शक असते, म्हणजे खालचा कागद रंगात मिसळतोच. छपाईच्या शायांना क्रमांक देणाऱ्या पँटोनच्या पुस्तिकेत एकाच क्रमांकापुढे C आणि U अशी अक्षरं असतात त्याचा अर्थ एवढाच: शाई तीच, कागद लेपाचा किंवा बिनलेपाचा. दोन्ही पट्ट्या शेजारी धरल्या की लक्षात येतं, एकच शाई दोन रंगांसारखी दिसते.

तिसरं कारण पाटीचं. त्याला वेगळा दिवस द्यावा लागेल.

12 जून

आज मूळ नमुना ठरला. क्रमांकापासून सुरुवात करायची नाही, हे मी पहिल्यापासून धरून बसलो होतो. पाच जवळजवळच्या तपकिरी शायांचे हात लेपाच्या कागदावर मारून घेतले आणि त्या पट्ट्या घेऊन ताईंबरोबर दोन दुकानांत गेलो, सकाळी एकदा, दिवे लागल्यावर एकदा. काउंटरवरचे दिवे उबदार, पिवळसर आहेत. पाव त्यात भाजल्यासारखा सोनेरी दिसतो म्हणून ते मुद्दाम तसे लावलेले असतात. त्या उजेडात पाचांतल्या दोन पट्ट्या सरळ लालसर झाल्या, त्या बाद केल्या. उरलेल्या तिनांतली ताईंनी निवडली ती पावाच्या भाजलेल्या कडेच्या सर्वांत जवळची.

मग त्या पट्टीवरून आकडे काढले. पडद्यासाठी तपकिरी `#8A3B1E`, पिवळा `#E0A030` आणि पार्श्वभूमीला साय-पांढरा `#FBF3E4`. पण पुस्तिकेत आकड्यांच्या वर पहिलं वाक्य असं जाणार आहे: प्रमाण रंग म्हणजे ही पट्टी, आकडे त्या पट्टीपर्यंत पोचण्यासाठी आहेत. एकाच तावातून बारा पट्ट्या कापल्या. प्रत्येक छापखान्याला, पाटीवाल्याला आणि कार्यालयाला एकेक, काळ्या पाकिटात, कारण उजेडात ठेवलेली पट्टी हळूहळू उडते आणि मग आपण उडालेल्या रंगाशी जुळवत बसतो.

17 जून

छापखान्यात पूर्ण दिवस. खोक्याचा पुठ्ठा आणि पिशवीचा कागद, दोन्हींवर तपकिरी जुळवायची होती. मशीनवरच्या दादांनी क्राफ्टसाठी शाई वेगळी मिसळली, थोडी थंडाव्याकडची, कारण कागदाचा पिवळेपणा तिला परत उबदार करणार. तीन प्रयत्नांत छान जुळलं. पट्टी, खोका, पिशवी शेजारी ठेवून आम्ही दोघंही खूश.

मग सवयीने तिन्ही वस्तू दाराबाहेर नेऊन पाहिल्या आणि पिशवी हिरवट दिसली. पुन्हा आत आणली, जुळली. बाहेर, पुन्हा हिरवट.

याला मेटामेरिझम म्हणतात. दोन रंग वेगवेगळ्या शायांच्या मिश्रणातून बनलेले असले तर ते एका उजेडात सारखे दिसू शकतात आणि दुसऱ्यात फुटतात, कारण प्रत्येक दिव्यात वेगवेगळ्या लहरींचं प्रमाण निराळं असतं आणि प्रत्येक शाई त्यांतल्या निराळ्या लहरी परतवते. दादांनी पिशवीच्या शाईत थंडावा आणायला जी हिरवी घातली होती ती खोक्याच्या शाईत नव्हतीच. त्यांनी ती काढून मूळ तपकिरीतच थोडा काळा वाढवला. आतल्या ट्यूबलाइटखाली ही जुळणी आधीपेक्षा किंचित कमी वाटली, पण तिन्ही उजेडांत सारखीच कमी होती. मी हीच घेतली. एका दिव्याखाली तंतोतंत आणि दुसऱ्याखाली परकी, यापेक्षा सगळीकडे थोडी गडद पिशवी परवडली.

पुस्तिकेत नियम लिहिला: नमुना मंजूर करताना तीन उजेडांत पाहायचा. छपाईच्या प्रमाणित 5000 केल्व्हिनच्या दिव्याखाली, दिवसाच्या सावलीत आणि दुकानाच्या काउंटरवर. तिन्ही ठिकाणी पाहिल्याची सही नमुन्याच्या पाठीवर.

24 जून

पिवळ्याचं क्राफ्टवर काही खरं नाही. पारदर्शक पिवळी शाई तपकिरी कागदावर पडली की चिखलट डाग होतो. त्यावर उपाय आहे: खाली आधी पांढऱ्याचा थर छापायचा आणि त्यावर पिवळा. करून पाहिला. पिवळा चमकला, पण पिशव्या फ्लेक्सो या छपाईपद्धतीने छापल्या जातात. तिचा ठसा रबरासारखा मऊ असतो आणि कागद वेगाने धावतो. दोन थर एकमेकांवर बिनचूक बसत नाहीत. वीसेक पिशव्यांनंतर प्रत्येक पिवळ्या आकाराला एका बाजूने पांढरी कड दिसायला लागली.

थर थोडा आत घेऊन कड लपवता येते, पण मग प्रत्येक वेळी कोणीतरी ते लक्षात ठेवून करायला हवं. निर्णय असा: क्राफ्टवर फक्त तपकिरी, एकरंगी लोगो, पिवळा नाहीच. ताईंना वाईट वाटलं, पिवळा त्यांचा लाडका आहे. तो खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला भरपूर दिलाय, झाकण उघडलं की दिसेल. तिथे पांढरा पुठ्ठा आहे, पिवळा तिथे आपल्या रंगात दिसतो.

खोक्याच्या तपकिरीसाठीही चार शायांचं मिश्रण न वापरता एकच तयार शाई घ्यायला सांगितली. बारीक अक्षरं तीन-चार शायांतून छापली की ठसे केसभर सरकले तरी अक्षराला रंगीत सावली येते. खोक्यावर घटकांची यादी असते, ती वाचता आलीच पाहिजे.

30 जून

लोगोचा सर्वांत लहान आकार. अंदाजाने ठरवायचा नव्हता म्हणून एकाच पिशवीवर लोगो उतरत्या आकारांत छापून घेतला: 40, 30, 26, 22, 18 आणि 14 मिलिमीटर रुंद.

भिंगातून पाहिलं. 26 पर्यंत सगळं स्वच्छ. 22 ला 'बेकरी'तल्या ब चं पोट भरत आलं, आतली तिरकी रेघ कुठे दिसते, कुठे नाही. 18 ला पोट पूर्ण बुजलं, ब आणि व सारखेच काळे ठिपके. 'बेकरी' चं 'वेकरी' झालं. क चे दोन्ही कान शिरोरेघेला चिकटून एक गाठ झाली. फ्लेक्सोच्या मऊ ठशाने प्रत्येक रेघ थोडी जाड होतेच, आणि देवनागरीत आतली पोकळी लहान असल्यामुळे ती आधी भरते. पडद्यावर हाच लोगो 18 मिलिमीटरला छान वाचता येतो, म्हणून आजवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

नियम: पूर्ण लोगो 26 मिलिमीटरपेक्षा लहान नाही. त्याखाली 'बेकरी' हा शब्द काढलेलं रूप, 18 पर्यंत. त्याहून लहान जागा असेल तर फक्त पावाचं चिन्ह. लोगोभोवती मोकळी जागा चिन्हाच्या अर्ध्या उंचीइतकी, आणि ती शिरोरेघेपासून न मोजता वरच्या वेलांटीच्या टोकापासून मोजायची. हे मुद्दाम लिहितोय, कारण जुन्या स्टिकरांवर वेलांटी कडेला कापली गेलेली दिसली.

3 जुलै

बिलाचा छोटा प्रिंटर. बिलावरचा लोगो नऊच्या नऊ शाखांत करडा, ठिपक्याठिपक्यांचा येत होता. हे प्रिंटर उष्णतेने छापतात, मिलिमीटरला 8 ठिपके, आणि ठिपका काळा असतो किंवा नसतो, मधलं काही नाही. रंगीत चित्र दिलं की प्रिंटर राखाडी छटा ठिपक्यांनी दाखवायला बघतं. 58 मिलिमीटरच्या कागदावर छापता येणारी रुंदी 48 मिलिमीटर, म्हणजे 384 ठिपके. 'बेकरी' हा शब्द काढलेला लोगो त्याच्या बरोबर अर्ध्या रुंदीचा, 192 ठिपक्यांचा, निव्वळ काळा-पांढरा, हाताने ठिपके नीट करून बनवला, म्हणजे प्रिंटरला लहानमोठा करायची वेळच येणार नाही. फाइलचं नाव `logo_bill_192px_bw.bmp`. तासाभराचं काम, आणि रोज सर्वांत जास्त वेळा छापला जाणारा लोगो हाच आहे.

8 जुलै

पाटी. दिवसा नऊपैकी सहा पाट्या बऱ्या दिसतात. रात्री आतला दिवा लागला की सगळ्या नारिंगी. पाटीवाल्याने दोन वेळा गडद फिल्म लावून पाहिली, रात्री तरीही नारिंगी, फक्त मंद नारिंगी.

यात फिल्मचा दोष नाही. तपकिरी हा रंग मुळात अंधुक नारिंगीच आहे. शेजारी त्याहून उजळ काही असतं म्हणून डोळा त्याला तपकिरी म्हणतो. रात्री भोवती अंधार, आणि पाटी स्वतः उजेड देते. तुलनेला उजळ काही उरलंच नाही, त्यामुळे डोळ्याला ती नारिंगीच वाटणार. भोवती उजळ काही नसताना प्रकाशणारी तपकिरी अंधारात मिळवण्याचा मार्ग नाही.

हे पाटीवाल्याला कागदावर पटेना. मग दुकानात अंधार करून एक प्रयोग दाखवला. लॅपटॉपवर काळ्या पडद्याच्या मधोमध आमच्या तपकिरीचा चौकोन: नारिंगी-लालसर दिसला. त्याच चौकोनाभोवती साय-पांढरा भरला: लगेच तपकिरी. चौकोनाचा आकडा तोच. त्याने दोनदा मागेपुढे करून पाहिलं आणि म्हणाला, "म्हणजे फिल्म बदलून उपयोगच नव्हता."

नवी रचना: पाटीचा तपकिरी भाग अपारदर्शक, त्यातून उजेड येणार नाही. अक्षरं आणि चिन्ह साय-पांढरे, उजेड फक्त त्यांच्यातून. तपकिरी पृष्ठभागावर वरून मंद दिवा, म्हणजे रात्रीही तो उजळ अक्षरांशेजारी तपकिरीच दिसेल. आणि पाटीचा नमुना मंजूर करायचा तो दिवा बंद आणि दिवा चालू, दोन्ही वेळा.

14 जुलै

पडद्यावरचे मेनू आणि ऑर्डरचं पान. साय-पांढऱ्यावर तपकिरी अक्षरांचा उठाव सुमारे 7 पट येतो. लहान मजकुराला 4.5 पट पुरे असं वेबचा सुलभता-निकष सांगतो, तेव्हा ते निश्चिंत. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं मात्र 2.3 पटीच्या आसपास. वय झालेल्या गिऱ्हाइकाला ती उन्हात दिसणारच नाहीत. पांढऱ्यावर पिवळ्यात अक्षरं लिहायची नाहीत, तिथे पिवळा फक्त पट्टी आणि चिन्हाला. तपकिरीवर पिवळं शीर्षक चालेल, 3.4 पट आहे, पण मोठ्या अक्षरातच, कारण मोठ्या मजकुराची मर्यादा 3 पट आहे.

18 जुलै

बोलण्याची पद्धत. शाखांतून आलेल्या सूचनांचे बेचाळीस कागद वाचले. एका बाजूला "ग्राहकांनी उत्पादनास स्पर्श करू नये", दुसऱ्या बाजूला "हाय फ्रेंड्स, गरमागरम धमाल!!!". दोन्ही एकाच दुकानाच्या तोंडी शोभत नाहीत.

काउंटरवर सर्वांत जुन्या असलेल्या मावशींच्या शेजारी दुपारभर उभा राहिलो. एकाने विचारलं, गव्हाचा ब्रेड आहे का. त्या म्हणाल्या, "संपला बघा. चारला भट्टीतून निघेल, ठेवू का एक बाजूला?" मला हवं होतं ते सगळं या वाक्यात आहे. आधी खरं उत्तर, मग वेळ, मग मदत. क्षमस्व नाही, कृपया नाही, उद्गारचिन्ह नाही. पुस्तिकेतला नियम याच क्रमाने लिहिला. "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, सदर पदार्थ उपलब्ध नाही" याच्या जागी आता "गव्हाचा ब्रेड संपला. पुढचा चार वाजता. सांगून ठेवा, बाजूला ठेवतो."

एका ठिकाणी हा सूर बंद: अंडं, दूध, गहू, सुकामेवा, तीळ यांची माहिती. तिथे लाडीक शब्द नाही, 'कदाचित' नाही, चिन्हांवर भिस्त नाही. "यात अक्रोड आहे." किंवा "यात सुकामेवा घातलेला नाही, पण तो याच भट्टीघरात वापरला जातो." हे वाक्य शाखेने स्वतः बनवायचं नाही, कार्यालयातून आलेलं जसंच्या तसं लावायचं.

25 जुलै

पुस्तिका छत्तीस पानांची झाली. आज एका शाखेत महिन्याभरापूर्वी लागलेल्या मुलीच्या हाती दिली आणि सांगितलं, "उद्या दुपारी बारापर्यंतच दुकान उघडं आहे, अशी सूचना बनव." मी कोपऱ्यात बसून राहिलो.

तिने पहिली तीन पानं चाळली, मोकळ्या जागेची आकृती पाहिली, पुस्तिका बाजूला ठेवली आणि फोनमधून तोच जुना चौकटीतला लोगो काढून ओढून मोठा केला. सूचना मात्र छान लिहिली, कारण मावशींचं वाक्य तिला माहीत होतं. मी विचारलं, आकृती का सोडली. ती म्हणाली, "दादा, मला मोजायचं नव्हतं, कागद लावायचा होता."

तिचं खरं आहे. आकृती छापखान्यासाठी आहे, तिच्यासाठी नाही. म्हणून दोन वस्तू वेगळ्या केल्या. छत्तीस पानं छापखाना, पाटीवाला आणि कार्यालय यांच्यासाठी. शाखेला एकच जाड कार्ड, पुढे-मागे, आणि सूचनांचे सहा तयार नमुने, ज्यांत लोगो, कडा आणि रंग जागच्या जागी बंदिस्त आहेत, फक्त ओळी भरायच्या. जुनं चित्र फोनमधून काढून टाका असं सांगून ते जात नाही, त्यामुळे प्रत्येक शाखेच्या ग्रुपवर नव्या नमुन्यांची लिंक वरच पिन करून ठेवली.

29 जुलै

त्याच मुलीला पुन्हा तेच काम दिलं. चार मिनिटांत कागद भिंतीवर लागला.

4 ऑगस्ट

पिशव्यांचा पहिला मोठा गठ्ठा आला. वरच्या पिशव्या नमुन्याशी जुळतात. गठ्ठ्याच्या मधून काढलेल्या मात्र गडद आहेत. रंगमापक यंत्राने पाहिलं. खोक्यासाठी रंगातल्या फरकाचा आकडा, डेल्टा ई, 2 च्या आत असा करार आहे, पण क्राफ्टसाठी मी आकडा ठेवला नव्हता. कागदाचाच रंग रिळागणिक बदलतो आणि तो फरक आकड्यात मिसळतो, म्हणून तिथे कसोटी सही केलेल्या पिशवीचीच.

मधल्या दहा पिशव्या आणि सही केलेली पिशवी काउंटरवर ओळीने ठेवल्या. दोन हात लांबून मावशींनी सात उचलल्या आणि म्हणाल्या, "या आपल्याच." उरलेल्या तिनांवर शाई इतकी जाड होती की 'बेकरी'चा ब पुन्हा बुजला होता. दादांना फोन केला. दुपारच्या जेवणानंतर मशीन सुरू करताना शाई घट्ट झाली होती, पातळ न करताच चालवली. तेवढा भाग बाजूला काढून ते पुन्हा छापून देणार आहेत.

यासाठी पिशवीच्या तळाच्या घडीवर दोन गोष्टी वाढवतोय: तपकिरीचा एक भरीव चौकोन आणि त्याशेजारी एकटा ब, लोगोत असतो तेवढ्याच आकाराचा. चौकोनावरून शाईचा गडदपणा कळेल, ब चं पोट उघडं आहे की नाही यावरून जाडी. दर हजार पिशव्यांमागे दादा एक काढून तळ बघतील, तारीख टाकतील आणि ती पिशवी आमच्याकडे येणाऱ्या गठ्ठ्यावर सर्वांत वर ठेवतील.

11 ऑगस्ट

पुन्हा छापलेल्या पिशव्या आल्या. सर्वांत वरच्या पिशवीच्या तळाला तारीख आहे, ब चं पोट उघडं आहे. पाचव्या आणि आठव्या शाखेची पाटी या आठवड्यात बदलतेय. दिवे लागल्यावर दोन्हीकडे जायचं, काळ्या पाकिटातली पट्टी घेऊन.